केशरचनेची ट्रायल, मुंडावळ्यांसकट

लग्नाआधीची केशरचनेची ट्रायल बहुतेकदा साध्या कुर्त्यावर आणि रिकाम्या कपाळाने होते. आरशात अंबाडा शोभून दिसतो, फोटो घरच्यांना जातात, ठरतं. लग्नाच्या दिवशी मात्र त्याच चेहऱ्यावर मुंडावळ्या येतात, नथ येते, गळ्यात तन्मणी आणि चिंचपेटी येते, आणि चेहऱ्याचा तोल बदलतो. म्हणून मराठी नवरीने ट्रायलला जाताना पर्समध्ये सगळ्यात आधी मुंडावळ्या टाकाव्यात. अंबाडा घालायचा की केस मोकळे सोडायचे, याचा निर्णय त्या बांधल्याशिवाय नीट होत नाही.

मुंडावळ्यांची कपाळावरची सर आडवी असते. ती चेहऱ्याची उंची दोन भागांत तोडते, त्यामुळे चेहरा आखूड वाटतो. कानशिलांवरून खाली लोंबणाऱ्या सरी उभ्या असतात. त्या गालांची थोडी रुंदी झाकतात आणि चेहरा निमुळता दाखवतात. आडवी सर बोटभर वर-खाली केली तरी फरक जाणवतो. केसांचं काम या दोन रेषांना जोड देण्याचं आहे.

चेहऱ्याचा आकार ओळखायला केस मागे घट्ट बांधावेत आणि शिंप्याची टेप घ्यावी. केस सुरू होतात तिथपासून हनुवटीपर्यंतची लांबी आणि गालफडांवरची रुंदी मोजावी. दोन्ही मापं जवळपास सारखी आली तर चेहरा गोल किंवा चौकोनी. जबडा वळणदार असेल तर गोल, कोपरे दिसत असतील तर चौकोनी. लांबी रुंदीच्या साधारण दीडपट असेल तर लंबगोल, त्याहून बरीच जास्त असेल तर लांबट. कपाळ रुंद आणि हनुवटी टोकदार असेल तर बदामी.

गोल चेहऱ्याला उंची हवी असते. टाळूवरचे केस थोडे उचलून घेतलेला अंबाडा, बाजूंना फुगा नाही आणि मुंडावळ्यांची आडवी सर केसांच्या कडेजवळ, ही जुळणी त्याला मानवते. लांबट चेहऱ्याला नेमकं उलट लागतं. डोक्यावर उंची घेऊ नये, सर कपाळाच्या मध्यावर बांधावी आणि अंबाडा मानेवर, आडवा पसरट ठेवावा. त्याभोवतीचा गजरा कानामागून दोन्ही बाजूंना डोकावला की चेहऱ्याला रुंदी मिळते. अशा चेहऱ्यावर सरळ मोकळे केस आणखी दोन उभ्या रेषा काढतात. मोकळेच सोडायचे असतील तर कानाच्या पातळीपासून कुरळे करावेत. चौकोनी चेहऱ्यावर चापूनचोपून घातलेला अंबाडा जबड्याचे कोपरे उघडे पाडतो. तिरपा भांग आणि कानापुढे सोडलेल्या दोन मऊ बटा त्यांना सौम्य करतात, आणि हलक्या लाटांचे मोकळे केसही इथे छान बसतात. बदामी चेहऱ्याला भरगच्चपणा हनुवटीच्या आसपास लागतो. त्यामुळे मानेवर एका बाजूला झुकलेला अंबाडा किंवा हनुवटीपाशी वळणारे मोकळे केस त्याला बरे. लंबगोल चेहऱ्याला दोन्ही चालतं.

माझ्या भाचीचा चेहरा गोल, केस खांद्याखाली येणारे, सरळ आणि बारीक पोताचे. लग्न मे महिन्यात चिपळूणला, मुहूर्त सकाळचा. तिला विधींनाही मोकळे कुरळे केसच हवे होते, म्हणून ट्रायलमध्ये आधी तेच केले. मुंडावळ्या बांधल्यावर दोन गोष्टी दिसल्या. कुरळ्यांचा फुगा नेमका गालांशी येत होता, आणि मोत्यांच्या लोंबत्या सरी त्या केसांत बुडून गेल्या होत्या. गळ्यात हार म्हणून एक जाड ओढणी घातली, तर काढताना केस तिच्यात गुंतले. होमापुढे वाकल्यावर बटा पुढे येत होत्या, आणि लाह्या अर्पण करताना विस्तवाजवळ असे सुटे केस असणं धोक्याचंच.

मग मधला भांग पाडून घट्ट अंबाडा घातला. आता चेहरा पूर्ण उघडा, आणि म्हणून आणखीच गोल. ब्यूटिशियनने टाळूवरचे केस दोन बोटं उचलले, मुंडावळ्या वर सरकवल्या आणि कानापुढे एकेक बारीक बट सोडली. गजरा बाजूंना न पसरवता अंबाड्याच्या वरच्या अर्ध्या भागात माळला. तेव्हा चेहऱ्याला हवी ती लांबी मिळाली.

मोकळे केस तिने रिसेप्शनसाठी राखून ठेवले. इथे एक अडचण असते. मोकळ्या केसांचा अंबाडा पटकन होतो, पण अंबाडा सोडून केस मोकळे करणं कठीण, आणि आपल्याकडे क्रम नेमका तोच असतो. उलट्या विंचरणीने फुगवलेले, स्प्रेने ताठ झालेले केस सोडले की गुंता होतो आणि त्यावर कर्ल नीट बसत नाहीत. म्हणून उंचीसाठी उलटी विंचरणी न करता आत स्टफिंग ठेवायला सांगितलं. ते काढलं की केस बऱ्यापैकी सुटे मिळतात. शिवाय कोकणातल्या मे महिन्याच्या दमट हवेत कर्ल फार टिकत नाहीत. उष्णतेने केसांतले काही नाजूक बंध तुटतात आणि केस थंड होताना नव्या वळणात जुळतात. हवेतली ओल तेच बंध पुन्हा सोडवते. म्हणून प्रत्येक कर्ल पिनेत गुंडाळून पूर्ण थंड होऊ द्यावा, मगच सोडावा. तरीही सरळ, बारीक केसांचे कर्ल संध्याकाळपर्यंत ढिले पडतील हे धरून तिच्यासाठी पुढचे केस मागे पिनअप केलेली अर्धमोकळी रचना ठरली. तीत कर्ल उतरले तरी चेहऱ्याभोवतीची ठेवण बिघडत नाही.

ट्रायल लग्नाच्या महिना-दीड महिना आधी असावी, म्हणजे दुसरी करायला वाव राहतो. केस आदल्या दिवशी धुवावेत. त्याच दिवशी धुतलेले, कंडिशनर लावलेले केस निसरडे असतात, पिना आणि मुंडावळ्यांचा दोरा दोन्ही घसरतात. ब्लाउज लग्नातला किंवा त्याच गळ्याचा असावा. मान आखूड असेल तर खालचा अंबाडा, गजरा आणि गळ्यालगतचे दागिने एकमेकांना भिडतात. अशा वेळी अंबाडा दोन बोटं वर घ्यावा लागतो. फोटो सेल्फीने काढू नयेत, कारण जवळून नाक मोठं आणि चेहरा अरुंद येतो. दुसऱ्या कुणीतरी पाच-सहा फुटांवरून, थोडं झूम करून समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून काढावेत.

रचना झाली की लगेच सोडू नये. ती घेऊनच घरी यावं, पाटावर बसावं, वाकून नमस्कार करावा, तीन-चार तास नेहमीची कामं करावीत. एका ठिकाणी टोचत असेल तर पिन टाळूला लागते आहे. सगळं डोकं ओढल्यासारखं दुखत असेल तर केस फार ताणले आहेत. अंबाडा खाली उतरत असेल तर पिना केसांच्या बुडाशी पकडलेल्या नाहीत. हे सगळं ब्यूटिशियनला कळवावं. कुठे स्टफिंग, मुंडावळ्या किती वर, किती हात गजरा आणि एकूण किती वेळ लागला, हे कागदावर लिहून तिला द्यावं. लागलेल्या वेळात अर्धा तास मिळवून तो मुहूर्तातून नव्हे, गौरीहर पूजेच्या वेळेतून मागे मोजावा, कारण नवरीने तयार होऊन पाटावर बसायचं असतं ते तेव्हा.