मुदत संपली की माणूस यादीतून गायब

लाखांदूर तालुका धानाचा. दिवाळीच्या आगेमागे नवा धान बाजारात यायला लागला की राईस मिलवाल्यांना कागदपत्रांकडे बघायला फुरसत नसते. नेमक्या याच दिवसांत कुणाच्या ट्रकचालकाचं लायसन्स संपतं, कुणाच्या पर्यवेक्षकाचं अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र जुनं होतं. म्हणून हल्ली बऱ्याच ठिकाणी दिवाणजी गूगल शीटमध्ये एक तक्ता ठेवतो: कोणाचं कोणतं प्रमाणपत्र कधी संपतं आणि पुढच्या नव्वद दिवसांत कोणाचं नूतनीकरण करायचं. तक्ता साधा असला तरी त्याच्याबद्दलचे गैरसमज साधे नाहीत.

गैरसमज: नव्वद दिवसांची यादी म्हणजे आजपासून नव्वद दिवसांपर्यंतच्या तारखा.

ऐकायला बरोबर वाटतं, आणि म्हणूनच सूत्रात दोन अटी घातल्या जातात: तारीख आजची किंवा पुढची हवी आणि नव्वद दिवसांच्या आतली हवी. समजा, ट्रकचालकाचं लायसन्स ४ नोव्हेंबरला संपतं. ऑगस्टपासून त्याचं नाव यादीत दिसतं, रोज दिसतं म्हणून नजरेला सवय होते, आणि ५ नोव्हेंबरला ते नाव नाहीसं होतं. दिवाणजीला वाटतं, काम झालं असणार. प्रत्यक्षात गाडी त्याच दिवसापासून विनापरवाना चाललेली असते.

वस्तुस्थिती अशी की या यादीला खालची सीमा असता कामा नये. नव्वद दिवसांच्या आतलं सगळं यायला हवं, संपून गेलेलं तर सर्वात वर. ‘आजची किंवा पुढची’ ही अट काढून टाकली की एवढं साधतं.

इथे आणखी एक जुना समज आड येतो, की लायसन्स संपल्यावर महिनाभर सवलत असते. पूर्वी तीस दिवस होती. २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने ती काढली. आता मुदत संपण्याआधी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, पण संपल्यावर केलेलं नूतनीकरण ते झालं त्या तारखेपासून लागू होतं. मधले दिवस भरून निघत नाहीत. उलट, एक वर्ष आधी अर्ज करता येतो याचा फायदा लाखांदूरसारख्या ठिकाणी मोठा आहे. डिसेंबरात संपणारं लायसन्स सप्टेंबरातच उरकता येतं. हंगामाच्या ऐन भरात चालकाला भंडाऱ्याच्या आरटीओत पाठवायला कोण तयार होणार? व्यावसायिक वाहनाच्या लायसन्सला वैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं, म्हणजे डॉक्टरकडची एक चक्कर आणखी. नव्वद हा आकडा कायद्यातून आलेला नाही, या धावपळीला लागणाऱ्या वेळातून आला आहे.

गैरसमज: तारीख लिहिली म्हणजे शीटला ती कळली.

हा सगळ्यात महागात पडणारा समज. शीटची भाषाव्यवस्था अमेरिकेची राहिली असेल, तर ती आधी महिना वाचते आणि मग दिवस. प्रमाणपत्र ११ जानेवारी २०२६ ला संपतं म्हणून दिवाणजीने `11/01/2026` टाकलं, तर शीट ते १ नोव्हेंबर २०२६ समजते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्याचं नाव वर यायला हवं, तो माणूस ऑगस्ट २०२६ पर्यंत यादीत फिरकतच नाही. चूक दिसत नाही, कारण तारीख दिसायला तारीखच आहे.

आता `25/12/2025` टाकून बघा. पंचविसावा महिना नसतो, म्हणून शीट ती तारीख न मानता नुसता मजकूर म्हणून ठेवते. मजकुराची आकड्याशी तुलना केली की तो नेहमी मोठा ठरतो, म्हणून ‘नव्वद दिवसांच्या आत’ ही अट तो कधीच पार करत नाही. हाही माणूस गळला. याची एक खूण मात्र आहे: मजकूर चौकटीत डावीकडे चिकटतो, खरी तारीख उजवीकडे.

उपाय `File > Settings > Locale` मध्ये India निवडण्याचा, पण तो नव्या नोंदींपुरताच. आधी चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा त्याने सुधारत नाहीत. त्या कागद समोर ठेवून पुन्हा टाकाव्या लागतात. तारखेचा रकाना `dd-mmm-yyyy` अशा रूपात ठेवला की महिना अक्षरात दिसतो आणि जानेवारीचा नोव्हेंबर झालेला लगेच डोळ्यांत भरतो.

गैरसमज: ज्याला मुदत नाही त्याचा रकाना रिकामा सोडला तरी चालतं.

आयटीआयच्या ट्रेड प्रमाणपत्राला मुदत नसते. मग ते रिकामंच ठेवतात. पण तुलनेत रिकामी चौकट शून्य धरली जाते, आणि शून्य हा शीटच्या लेखी फार जुना दिवस. त्यामुळे फिटर आणि वायरमन सगळे ‘मुदत संपलेले’ म्हणून यादीत येऊन बसतात. खाली सूत्रात `ISNUMBER` आहे तो त्यांना बाजूला ठेवण्यासाठी. पण मग एक नवा घोळ: ज्याची तारीख टाकायची राहूनच गेली, तोही त्यांच्याबरोबर निघून जातो. म्हणून, संपण्याची तारीख E मध्ये आहे असं धरून, F रकान्यात प्रत्येक ओळीला ‘मुदती’ किंवा ‘कायम’ लिहायचं आणि कोपऱ्यात ही एक चाचणी ठेवायची:

```
=COUNTIF(F2:F200,"मुदती")-COUNT(E2:E200)
```

उत्तर शून्य आलं तर ठीक. तीन आलं तर तीन तारखा राहिल्या आहेत किंवा मजकूर होऊन बसल्या आहेत.

गैरसमज: नूतनीकरण झालं की जुन्या तारखेवर नवी टाकायची.

तसं केलं की मागचा इतिहास पुसला जातो. अपघात झाला आणि विमा कंपनीने विचारलं, २० डिसेंबरला चालकाचं लायसन्स चालू होतं का, तर सांगणार कशावरून? नव्या मुदतीला नवी ओळ द्यावी, जुनी राहू द्यावी. पण मग जुनी ओळ कायमची ‘संपलेली’ म्हणून यादीत ठाण मांडते. त्यासाठी G रकान्यात, त्या माणसाच्या त्या प्रमाणपत्राची शेवटची ओळ हीच का, एवढं विचारायचं. A मध्ये कर्मचारी क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये प्रमाणपत्र, D मध्ये दिल्याची तारीख आणि E मध्ये संपण्याची तारीख आहे असं धरू:

```
=E2=MAXIFS(E$2:E$200,A$2:A$200,A2,C$2:C$200,C2)
```

हे सूत्र खालपर्यंत ओढलं की यादी दुसऱ्या पानावर अशी निघते (पानाचं नाव सूत्रात जोडून):

```
=SORT(FILTER(A2:E200,ISNUMBER(E2:E200),
E2:E200<=TODAY()+90,G2:G200),5,TRUE)
```

C मधलं नाव दरवेळी सारखंच हवं. एकदा ‘लायसन्स’ आणि एकदा ‘लायसेन्स’ लिहिलं की शीट ती दोन प्रमाणपत्रं धरते आणि जुनी ओळ पुन्हा डोकं वर काढते. तिथे हाताने लिहू न देता निवडीची यादी द्यावी.

गैरसमज: यादी रिकामी असेल तर मिल निर्धास्त.

एफएसएसएआयच्या फॉस्टॅक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, आणि अपेक्षा अशी की प्रत्येक २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा. प्रमाणपत्र मिळतं माणसाला, मिलला नाही. समजा, तो पर्यवेक्षक नोकरी सोडून गोंदियाला गेला. त्याचं प्रमाणपत्र पुढचं वर्षभर वैधच आहे, म्हणून तक्ता काहीही बोलणार नाही, पण मिलमध्ये आता प्रशिक्षित माणूस उरलेला नाही. म्हणून ‘कामावर आहे का’ असा एक रकाना लागतो, आणि तो ज्या दिवशी माणूस सोडून जातो त्याच दिवशी भरावा लागतो, पगाराचा हिशेब करताना नव्हे.