मुंगीची वाट किती लांब?

पंपाच्या डब्यातून काढलेला रिलेचा बोर्ड वरून अगदी धडधाकट दिसत होता. निळा रिले शाबूत होता, कुठे जळल्याचा वासही नव्हता. उलटा करून भिंगाखाली धरला, तेव्हा दोन पॅडच्या मध्ये केसाएवढी तपकिरी रेघ दिसली. त्यातल्या एका पॅडवर २३० व्होल्टचा फेज येत होता. दुसरा रिलेच्या कॉइलचा, म्हणजे ५ व्होल्टच्या बाजूचा. आणि त्याच बाजूची एक वायर गच्चीवरच्या टाकीत, पाण्याची पातळी ओळखणाऱ्या स्टीलच्या सळीपर्यंत गेली होती. रेघ पलीकडे टेकली असती, तर टाकीच्या पाण्यात फेज उतरला असता.

नवा बोर्ड काढायचं ठरवलं. बहुतेकांना वाटतं तसं मलाही आधी वाटलं होतं, की मुख्य काम म्हणजे ट्रॅक पुरेसा रुंद ठेवणं. ते काम खरं तर सोपं निघालं. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण ३ ते ४ अँपिअर घेतो. सुरू होताना तो कित्येक पट जास्त ओढतो, पण तो झटका लगेच ओसरतो. तेवढ्यात रुंद ट्रॅक फारसा तापत नाही. म्हणून हिशेब ५ अँपिअरचा धरला. साध्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. आयपीसी-२२२१ या मानकातल्या सूत्राप्रमाणे, ट्रॅक भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशांहून जास्त तापू नये असं वाटत असेल, तर ५ अँपिअरसाठी सुमारे २.८ मिलिमीटर रुंदी लागते.

इथे एक फसगत होते. करंट दुप्पट झाला की रुंदीही दुप्पट केली, असं चालत नाही. १० अँपिअरला ५.६ नव्हे, सुमारे ७.२ मिलिमीटर लागतात. कारण उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते. दुसरी चूक डोळ्यांना सहज दिसते. ट्रॅक चांगला रुंद असतो, पण पॅडजवळ येताना तो चिंचोळा केलेला असतो. बोर्ड तिथेच काळवंडतो. रुंदी पॅडपर्यंत टिकली पाहिजे.

ती तपकिरी रेघ मात्र बारीक ट्रॅकमुळे आली नव्हती. तिथे तांबं नव्हतंच. ती आली होती दोन तांब्यांमधल्या मोकळ्या जागेत.

या मोकळ्या जागेची मापं दोन. एक पाखराची वाट, म्हणजे हवेतून सरळ रेषेतलं अंतर. त्याला क्लिअरन्स म्हणतात. दुसरी मुंगीची वाट, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागाला धरून चालत गेल्यावर भरणारं अंतर, ते क्रीपेज. पाखराच्या वाटेला भीती क्षणाची असते. लाइनवर एखादा मोठा झटका आला, तर ठिणगी हवेतून उडी मारते. मुंगीच्या वाटेला भीती वर्षांची असते. धूळ बसते, पावसाळ्यात ती ओलावते, तिच्यातून अगदी किरकोळ करंट झिरपतो. त्या उष्णतेने ओल कुठेतरी तुटते, तुटल्या जागी सूक्ष्म ठिणगी पडते आणि बोर्डातलं रेझिन कोळसा होऊ लागतं. कोळशातून वीज वाहते, त्यामुळे पुढची ठिणगी आणखी सोपी. भिंगाखालची रेघ म्हणजे हाच कोळसा.

आयईसी ६०६६४-१ या मानकाचा हिशेब घरातल्या नेहमीच्या धुळीसाठी, साध्या एफआर-४ बोर्डावर, २३० व्होल्टला असा बसतो: साध्या इन्सुलेशनला क्लिअरन्स १.५ आणि क्रीपेज २.५ मिलिमीटर. पण दुसऱ्या बाजूला माणसाचा हात लागणार असेल, तर साधं इन्सुलेशन पुरत नाही. आमची सळी तर पाण्यातच होती. अशा ठिकाणी अंतरं दुप्पट धरायची: क्लिअरन्स ३, क्रीपेज ५.

आता बाजारात सगळीकडे मिळणारा तो निळा चौकोनी रिले घ्या. त्याची कॉमन पिन, जिच्यावर फेज येतो, ती नेमकी कॉइलच्या दोन पिनांच्या मध्ये असते. कॉमनच्या मध्यापासून कॉइलच्या पिनेच्या मध्यापर्यंत सव्वासहा मिलिमीटर. त्यातून ३ आणि २.५ मिलिमीटर व्यासाच्या पॅडची अर्धी अर्धी रुंदी वजा केली, की हातात उरतात साडेतीन. पाखराची वाट पास, मुंगीची नापास.

म्हणून त्या दोन पॅडच्या मध्ये बोर्ड आरपार कापून खाच पाडतात. मुंगीला खाच ओलांडता येत नाही, तिला टोकाला वळसा घालावा लागतो. खाच किमान १ मिलिमीटर रुंद हवी. त्याहून अरुंद असेल तर ती धुळीने भरून निघेल असं मानक धरतं आणि ती मोजतच नाही. लांबीही नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने ठरत नाही. या रिलेत दोन पॅडच्या मधोमध ४ मिलिमीटर लांब खाच पाडली, तर वळशाची वाट पाचाच्या आतच राहते. म्हणजे ती खाच शोभेची. ६ मिलिमीटर लांब केली, तर वाट सहाच्या आसपास जाते.

हे पडताळण्याची माझी रीत साधी आहे. बोर्डाचं चित्र दसपट मोठं छापायचं, आणि एका पॅडच्या कडेपासून दुसऱ्याच्या कडेपर्यंत, खाचेच्या टोकाला वळसा देऊन शिवणाचा दोरा ताणायचा. दोरा ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरला पाहिजे. KiCad मध्ये खाच `Edge.Cuts` या थरावर काढायची, म्हणजे कारखान्यात ती बोर्डाच्या कडेसारखीच कापली जाते. मग एक गोष्ट न चुकता बघायची: रिकाम्या जागेत आपोआप भरलेलं ग्राउंडचं तांबं खाचेच्या टोकाशी आलेलं नाही ना? आलं असेल, तर मुंगीची वाट तिथे पुन्हा आखूड होते. हिरव्या मास्कचा थर या मोजणीत धरायचा नाही.

खाचेलाही मर्यादा आहेत. तिने हवेतलं अंतर वाढत नाही. पंपाजवळच्या दमट, उघड्या डब्यात क्रीपेजची अट पाचावरून आठावर जाते आणि खाच दीड मिलिमीटर रुंद लागते. सगळ्यात मोठी मर्यादा तर बोर्डाबाहेरची आहे. त्या निळ्या रिलेच्या माहितीपत्रकात कॉइल आणि संपर्कांमध्ये फक्त १,५०० व्होल्टची हमी आहे. दुप्पट इन्सुलेशनला साधारण ३,००० व्होल्टची चाचणी लागते. बोर्डावर कितीही खाचा पाडल्या, तरी रिलेच्या पोटातलं अंतर वाढत नाही. शिवाय त्यावर छापलेले १० अँपिअर इस्त्री-गिझरसारख्या भारासाठी असतात. मोटरसाठी वेगळा, बराच लहान आकडा पाहावा लागतो.

शेवटी मी ज्याच्या कॉइलच्या पिना एका टोकाला आणि संपर्कांच्या दुसऱ्या टोकाला आहेत, असा ५,००० व्होल्टच्या हमीचा रिले निवडला आणि मोटरचा आकडाही तपासला. फेज आणि कॉइल यांच्यामध्ये आता ८ मिलिमीटरहून जास्त कोरा बोर्ड आहे. दोरा सरळच ताणला, वळसा घालावा लागला नाही. दोन महिने हिशेब केलेली खाच नव्या बोर्डावर नाहीच.