सुनेला चिठ्ठी लिहिताना

जाऊबाईंनी सुनेसाठी स्वागताची चिठ्ठी लिहिली आणि मला आधी वाचायला दिली. (माझं पत्रांचं वेड सगळ्यांना ठाऊक!) मसुदा ‘चि. सौ. कां.’ने सुरू झाला होता. ते लग्नाआधीचं, पत्रिकेतलं. लग्नानंतर नुसतं ‘चि. सौ.’, आणि चिठ्ठीत तर सरळ नाव पुरे.

पुढे होतं, ‘तू मला लेकीसारखी आहेस. आता हे घर तुझं, तूच सांभाळायचंस.’ पहिलं वाक्य कुठल्याही सुनेला चालतं, म्हणून कोरडं वाटतं. दुसऱ्यात स्वागताआड काम सोपवलंय.

मी विचारलं, तिच्याबद्दल तुम्हाला काय आठवतं? मग नवी चिठ्ठी झाली:

‘मेघना, साखरपुड्याला तू माझ्या आईला हात धरून जिना उतरवलंस, ते लक्षात राहिलं. तुला चहा बिनसाखरेचा लागतो, कळलंय. खोलीतलं डावीकडचं कपाट रिकामं केलंय. रविवारी मी उशिरा उठते, तूही झोप. मला पटकन बोलायची सवय आहे. लागलं तर तोंडावर सांग. — आई (तुला दुसरं काही म्हणावंसं वाटलं तर तेही चालेल)’

कपाट मात्र आधी खरंच रिकामं करायला लावलं. चिठ्ठी त्यातच ठेवली.