चार बाजू ठाऊक, तरी क्षेत्रफळ अज्ञात

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे जनावरांच्या बाजारासाठी ख्यात असलेले गाव. अशा बाजारगावात रस्त्यालगतच्या जागेचा व्यवहार पुष्कळदा मोबाइलवर आलेल्या नकाशाच्या स्क्रीनशॉटपासून सुरू होतो. त्यावर चार बाजूंची लांबी लिहिलेली असते आणि कोपऱ्यात मापपट्टी असते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला की क्षेत्रफळ मिळाले, असा समज रूढ आहे. तो केवळ काटकोनी भूखंडापुरताच खरा आहे.

चार फळ्या खिळ्यांनी जोडून केलेली चौकट एका कोपऱ्याने दाबली, तर ती तिरकी होते. फळ्यांची लांबी तीच राहते, आतील जागा मात्र घटते. म्हणून चार बाजूंच्या जोडीला एक कर्णही मोजावा लागतो, आणि मापपट्टीचा खरा उपयोग येथेच आहे.

समजा, रस्त्याला तिरक्या असलेल्या एका भूखंडाच्या समोरासमोरच्या बाजू 25 व 39 मीटर आहेत. स्क्रीनशॉटच्या छापील प्रतीवर 20 मीटरची मापपट्टी 40 मिलिमीटर भरते. म्हणजे 2 मिलिमीटर म्हणजे 1 मीटर. प्रथम पडताळा घ्यावा. 25 मीटरची बाजू 50 आणि 39 मीटरची 78 मिलिमीटर भरली, तर प्रमाण जुळले. एकच बाजू जुळत नसेल, तर छापताना चित्र ताणले गेले असेल किंवा लिहिलेला आकडा चुकला असेल. सर्वच बाजू सुमारे सव्वातीनपट लहान दिसल्या, तर आकडे मीटरचे नसून फुटांचे असावेत.

आता मोठा कर्ण मोजावा. तो 112 मिलिमीटर, म्हणजे 56 मीटर भरतो. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्यावर टाकलेले लंब प्रत्येकी 30 मिलिमीटर, म्हणजे 15 मीटर आहेत. कर्णाला लंबांच्या बेरजेने गुणून निम्मे केले, की 56 × 30 ÷ 2 = 840 चौरस मीटर मिळतात. 33 फूट बाजूच्या चौरसाचा गुंठा 101.17 चौरस मीटरचा असल्याने हे क्षेत्र सुमारे 8.3 गुंठे होते. बाजूंचा गुणाकार मात्र 975 चौरस मीटर, म्हणजे 9.6 गुंठे सांगतो. सव्वा गुंठ्याहून अधिक जमीन केवळ कागदावर वाढलेली असते, आणि दर गुंठ्यावर ठरत असल्याने पैसेही तितकेच वाढतात.

या अंदाजालाही मर्यादा आहे. मापपट्टी मोजताना 1 मिलिमीटरची चूक झाली, तर लांबीत अडीच टक्के आणि क्षेत्रफळात सुमारे पाच टक्के फरक पडतो. येथे 42 चौरस मीटर. त्यामुळे पडताळा जुळल्यावर प्रमाण सर्वांत लांब लिखित बाजूवरून ठरवणे अधिक अचूक. शिवाय उपग्रह चित्रावर आखलेली हद्द प्रत्यक्ष बांधापासून काही मीटर सरकलेली असू शकते.

आलेला आकडा सातबाऱ्यावरील क्षेत्राशी ताडून पाहावा. 840 चौरस मीटर तेथे 8 आर 40 चौरस मीटर असे दिसले पाहिजे. फरक पाच टक्क्यांहून अधिक असेल, तर विसार देण्यापूर्वी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेणे इष्ट. हद्दीचा निर्णय त्या मोजणीनेच होतो, स्क्रीनशॉटने नव्हे.