पावतीमागच्या चार ओळी

‘भावा, डिस्प्लेला गॅरंटी नसते. दुकानाबाहेर गेलास की विषय संपला!’ मोबाइल रिपेअरिंगच्या काउंटरवर हे वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण कॉलेज सांभाळून स्वतःच असं दुकान टाकायचं ठरवलंत, तर पावतीवर काय लिहाल?

काहीच न लिहिणं सगळ्यात सोपं वाटतं. तिथंच फसायला होतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायची किंवा सदोष सेवेचे पैसे परत द्यायची मुदत पावतीवर नसेल, तर ती ३० दिवस धरली जाते. तेवढ्या काळात नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. पावतीच न देणं, हीसुद्धा!

समजा, राजारामपुरीतल्या तुमच्या दुकानात २,२०० रुपयांत कॉम्बो बदलून दिला. पंधराव्या दिवशी गिऱ्हाईक परत. ‘दादा, खालच्या बाजूला टच चालत नाही.’ तुम्हाला वाटतं, फोन पावसात भिजला असणार. पण पावतीवर एवढंच : ‘डिस्प्ले, २,२००’. मग वाद मिटणार कसा?

आता हीच पावती नीट लिहू. ‘नवीन कॉम्बोला ९० दिवस वॉरंटी. टच न चालणे, रेषा येणे, स्क्रीन काळी पडणे यासाठी मोफत बदल. काच फुटल्यास, दाबली गेल्यास किंवा आत पाणी गेल्यास वॉरंटी नाही. बॅटरी, चार्जिंग जॅकला ही वॉरंटी लागू नाही.’ वॉरंटी बदललेल्या पार्टला आहे, अख्ख्या फोनला नाही, हे यात स्पष्ट झालं.

पण पाणी आधी गेलं होतं की नंतर, हे कसं ठरवणार? बऱ्याच फोनमध्ये सिम ट्रेच्या खाचेत छोटा पांढरा स्टिकर असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. फोन घेतानाच तो गिऱ्हाइकासमोर बघा आणि ‘स्टिकर पांढरा’ असं लिहून सही घ्या. *#06# डायल करून आयएमईआय नंबरही पावतीवर टाका, म्हणजे परत आलेला फोन तोच आहे याची खात्री. पंधराव्या दिवशी स्टिकर पांढराच असेल, तर पाण्याचं कारण सहसा टिकत नाही. काच शाबूत असेल तर कॉम्बो बदलून द्या. लाल झाला असेल, तर भांडण न करता दाखवता येतं.

आणखी एक लाडकी ओळ : ‘३० दिवसांत फोन न नेल्यास विकला जाईल.’ भारतीय करार कायदा, १८७२ मधल्या कलम १७० नुसार मजुरी मिळेपर्यंत फोन अडवून ठेवता येतो, पण विकायचा हक्क या कलमात नाही. त्यापेक्षा ‘तयार झाल्यावर मेसेज करू’ असं लिहा, आणि केलेले मेसेज जपून ठेवा.

गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात गेलं, तर पहिल्यांदा मागतील ती पावतीच.