एकशे चाळीस रुपयांची तेरीज

ओळखीच्या एका हार्डवेअर दुकानदाराच्या वह्या मी मार्चअखेर तपासून देतो. गेल्या वर्षी त्या त्यांच्या पुतणीने लिहिल्या होत्या. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, अक्षर सुरेख. मी पोचलो तेव्हा ती रडवेली होऊन बसली होती. तेरीज जुळत नव्हती. नावेची बेरीज 9,49,100 आणि जमेची 9,49,240. फरक फक्त 140 रुपयांचा.

"जाऊ दे ना," तिचे काका गल्ल्यावरून म्हणाले, "किरकोळ खर्चात टाक एकशे चाळीस. एवढ्यासाठी दोन दिवस?"

व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं, पण ते चूक होतं.

आधी तेरीज म्हणजे काय ते पाहू. दुकानात होणारा प्रत्येक व्यवहार तारखेनुसार रोजकीर्दीत लिहिला जातो. तिथून तो खतावणीत जातो, म्हणजे ज्या ज्या खात्याशी त्याचा संबंध, त्या खात्याच्या पानावर. एका खात्यात नावे टाकलेली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा पडलीच पाहिजे. वर्षअखेर प्रत्येक खात्याची बाकी काढायची आणि सगळ्या बाक्या एका कागदावर दोन रकान्यांत मांडायच्या. हा कागद म्हणजे तेरीज. शब्द जुना आहे, पेशवाईच्या दफ्तरांतही तो गोषवारा या अर्थाने येतो. प्रत्येक रक्कम दोन्हीकडे गेलेली असेल तर दोन रकान्यांच्या बेरजा सारख्या येतात. नसतील तर कुठेतरी काहीतरी एकाच बाजूला पडलंय.

पुतणीने वर्गात शिकवलेले उपाय करून पाहिले होते. फरकाची निम्मी रक्कम शोधायची, हा पहिला. जमेची रक्कम चुकून नावे पडली तर एक बाजू तेवढ्याने फुगते आणि दुसरी तेवढ्याने घटते, म्हणून फरक दुप्पट दिसतो. 140 चे निम्मे 70. सत्तर रुपयांची एक नोंद तिला सापडलीही, हमालांच्या चहाची. पण ती बरोबर जागी होती. दुसरा उपाय फरकाला नवाने भागण्याचा. 140 ला नवाने भाग जात नाही. तिसरा, नेमकी 140 ची एखादी नोंद खतवायची राहिली आहे का ते पाहणं. तशी नोंद नव्हतीच.

हे तिन्ही उपाय गृहीत धरतात की चूक एकच आहे. तिन्ही फसले की मी चुका दोन किंवा जास्त आहेत असं धरून चालतो. मग हुशारी बाजूला ठेवायची आणि उलट्या वाटेने निघायचं: आधी तेरजेच्या बेरजा, मग खतावणीतून तेरजेवर उतरवलेल्या बाक्या, मग खात्यांतली बाकीवजाबाकी आणि सगळ्यात शेवटी रोजकीर्द ते खतावणी. हा क्रम कष्टाच्या हिशेबाने लावलेला आहे. पहिल्या दोन पायऱ्यांना अर्धा तास लागतो, शेवटच्या पायरीला दोन दिवस. बहुतेक जण घाबरून थेट शेवटच्या पायरीवर उडी मारतात. तीही तेच करत होती.

बेरजा खालून वर केल्या. त्या बरोबर होत्या. (वरून खाली पुन्हा केल्या तर डोळा तीच चूक तशीच करतो.) मग ती खतावणीतली बाकी वाचू लागली आणि मी तेरजेवर टिचकी मारू लागलो. "उधारी येणे, त्र्याहत्तर हजार दोनशे पन्नास." माझ्यासमोर 72,350 होतं. आकड्यांची उलटापालट झाली होती आणि नावेची बाजू 900 रुपयांनी कमी पडली होती.

नवाचा नियम याच चुकीसाठी आहे. शेजारचे दोन अंक आपसांत बदलले की पडणाऱ्या फरकाला नवाने भाग जातोच, कारण प्रत्येक घर शेजारच्या घराच्या दहापट असतं आणि दहातून एक गेला की नऊ उरतात. 900 भागिले 9 म्हणजे 100. त्यातला एक सांगतो की बदललेल्या अंकांत एकाचा फरक आहे, आणि शंभर सांगतात की ते शतक-हजाराच्या घरात आहेत. शून्य जास्त पडलं तरी हाच नियम चालतो. 840 चे 8,400 झाले तर फरक 7,560, आणि नवाने भागलं की मूळ रक्कमच हाती येते. इथे ही चूक एकटी असती तर पाच मिनिटांत पकडली गेली असती.

दुरुस्ती केली. नावेची बेरीज झाली 9,50,000. जमेची होती तिथेच.

"काका, फरक वाढला!" ती जवळजवळ ओरडलीच. 140 चे 760 झाले होते.

मला मात्र हायसं वाटलं. दोन चुका एकमेकींना खात होत्या. एक बाहेर काढली आणि दुसरी आपल्या खऱ्या आकाराची दिसू लागली. 760 चे निम्मे 380. मिळालेल्या सुटीच्या खात्यात डाव्या बाजूला 380 ही एकमेव रक्कम उभी होती, बाकी सगळ्या उजवीकडे. पाइपच्या व्यापाऱ्याचं 10,000 चं बिल 9,620 चा चेक देऊन भागवलं होतं आणि त्याने 380 सूट दिली होती. रोजकीर्दीत नोंद ठाकठीक होती: व्यापारी नावे, बँक जमा, सूट जमा. खतवताना व्यापाऱ्याचे 10,000 नावे टाकून हात तसाच पुढे गेला आणि सूटही नावे पडली. त्या खात्याची खरी बाकी 2,640 जमा, तेरजेवर आली 1,880.

दोन्ही बाजू 9,50,000. शेठनी चहा मागवला.

असे 140 अनामत खात्यावर टाकून तेरीज तात्पुरती मिटवता येते, आणि ताळेबंदाची घाई असेल तर तसं करतातही. पण मग ते खातं शोध संपेपर्यंत उघडं ठेवायचं असतं. किरकोळ खर्चात गेलेले 140 पुन्हा कुणी शोधत नाही.

हल्ली हा कागद पुष्कळदा एक्सेलवर करतात. तिथे बेरीज चुकत नाही, पण नवीन खातं शेवटच्या ओळीखाली लिहिलं की `=SUM(C2:C14)` त्याला धरत नाही. आणि एखादा आकडा मजकूर म्हणून साठला असेल तर दिसतो, पण बेरजेत येत नाही. बहुधा तो खान्यात डावीकडे चिकटलेला असतो.

चहा पिताना मी तेरीज पुन्हा वाचत होतो. फर्निचर 40,000, गेल्या वर्षी होतं तेवढंच. समोर भिंतीला मात्र कोरी करकरीत लोखंडी मांडणी उभी होती.

"ही कधी घेतली?"

"दिवाळीत. बारा हजारांची."

ती माल खरेदीच्या खात्यात गेली होती. नफा तेवढ्याने कमी दिसत होता आणि तेरजेला त्याचा पत्ता नव्हता, कारण चुकीच्या खात्यात का होईना, रक्कम नावेच पडली होती. खरेदी 4,86,000 ची 4,74,000 केली, फर्निचर 52,000 केलं. बेरीज आधीही 9,50,000 होती, नंतरही 9,50,000 च राहिली.