पडलेली सायकल पुन्हा चालवण्याआधी
सायकल आपल्या हाती : लेखांक ७

हिंगोली जिल्ह्यात पावसाळ्यात सायकल पडते ती बहुतेक वेळा वेगामुळे नाही, तर रस्त्याच्या कडेमुळे. डांबराचे थर वर्षानुवर्षं चढत जातात, साईडपट्टीची काळी माती पावसाने खचते आणि दोहोंमध्ये चार बोटांची पायरी तयार होते. समोरून ट्रॅक्टर किंवा एसटी आली की सायकल खाली उतरवावी लागते. पुन्हा वर येताना पुढचं चाक कडेला समांतर राहिलं तर ते वर चढत नाही, कडेला घासत पुढे जातं. मग हँडल वळवूनही उपयोग नसतो आणि सायकल आडवी होते.

अशा रस्त्यांवरून रोज जाणाऱ्यांत शाळकरी मुली पुष्कळ आहेत. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना गाव ते शाळा या प्रवासासाठी सायकली मिळतात आणि हिंगोली या कार्यक्रमातला जिल्हा आहे. ही सायकल साधी असते. फ्रेम पोलादी, मधला दांडा खाली उतरलेला, चिमटा पोलादी, गिअर नाहीत. मुलगी पडते, कपडे झटकते, कुणी पाहिलं नाही ना बघते आणि लगेच टांग मारून निघते. या लेखात त्या मधल्या पाच मिनिटांत काय तपासायचं ते पाहू. अर्थात मुलीचे हात, मनगट आणि डोकं आधी; सायकल नंतर.

पडणं दोन तऱ्हेचं असतं आणि तपासणी त्यावर ठरते. सायकल नुसती आडवी पडली असेल तर मार हँडलच्या टोकाला, ब्रेकच्या दांडीला आणि पायडलला बसतो. चिमटा आणि फ्रेम सहसा वाचतात. पण पुढचं चाक दगडाला, कडेला किंवा बैलगाडीच्या चाकोरीला समोरून अडलं असेल तर हिशेब वेगळा. चाक थांबतं, मागून सायकल आणि स्वार पुढे येत राहतात आणि ते सगळं वजन चिमट्यावर व त्याच्या मागच्या फ्रेमच्या सांध्यावर येतं. ताशी १० किलोमीटरने जाणारी सायकल अशी अडली तर त्यातली ताकद साधारण ४० सेंटीमीटर उंचीवरून पडण्याइतकी असते. ताशी १५ असेल तर तीच उंची जवळजवळ ९० सेंटीमीटर होते, म्हणजे वेग दीडपट आणि मार सव्वादोनपट. म्हणून ‘हळूच होते’ या उत्तरावर थांबू नये. चाक कशाला अडलं का, हे विचारावं.

तपासणीच्या आधी पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी चिमट्यावर आणि फ्रेमच्या पुढच्या भागावर ओतून चिखल पुसून काढा. काळी माती अशी चिकटते की तिच्याखालची भेग काय, वाकलेली नळीही दिसत नाही. मडगार्ड आणि टायरच्या मधला चिखलही काडीने काढा, नाहीतर चाक घासण्याचं कारण चिखल आहे की वाकलेला चिमटा, हे कळणार नाही.

आता हँडल. पडल्यावर हँडल चाकाच्या मानाने तिरपं झालेलं बहुतेकांना दिसतं आणि तेच पाहून घाबरायला होतं. खरं तर ही त्यातल्या त्यात चांगली खूण आहे. हँडलचा उभा दांडा चिमट्याच्या नळीत फक्त बोल्टच्या आवळणीने पकडलेला असतो. मार बसला की तो नळीत थोडा फिरतो आणि काही वाकण्याऐवजी तिथेच जोर जिरतो. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल सरळ करा. त्यानंतर चाक तसंच धरून हँडल पुन्हा जोर लावून फिरवून पाहा. सहज फिरलं तर वरचा बोल्ट ढिला आहे आणि पान्याने आवळल्याशिवाय सायकलवर बसायचं नाही. मुलगी वाढते तसं हँडल वर घेतलं जातं, तेव्हा दांड्यावर कोरलेली मर्यादेची खूण नळीच्या आतच आहे ना, तेही याच वेळी बघून घ्या. ती बाहेर दिसत असेल तर दांड्याला खाली पुरेशी पकड नाही.

मग समोर उभं राहून दोन्ही मुठींची उंची बघा. एक खाली, एक वर दिसली तर हँडल वाकलं आहे. पण वाकण्यापेक्षा भेग वाईट. ती बहुतेक वेळा येते ती हँडल आणि उभा दांडा जिथे जोडलेला असतो तिथे. तिथे अंगठ्याचं नख फिरवा. ओरखडा असेल तर तो घसरण्याच्या दिशेने लांबट, उघडा आणि चकचकीत असतो. भेग बारीक, काळसर असते, नळीला आडवी वळसा घालून जाते आणि पुसल्यावर तिथेच पुन्हा काळी दिसते. अशी रेघ दिसली की पुढे जाणं संपलं. वाकलेला ब्रेक किंवा पायडल दुकानापर्यंत सांभाळून नेता येतं. हँडल चालत्या सायकलवर तुटलं तर सावरायला काही हातात उरत नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते चिमट्याचं, कारण वाकलेला चिमटाही चाक फिरवतो आणि सायकल चालते. बाजूला तीन पावलांवर उभं राहून बघा. फ्रेमच्या पुढच्या आखूड उभ्या नळीची रेघ मनाने खाली ओढा, किंवा तिच्याशी एक सरळ काठी धरा. चिमट्याच्या दोन्ही पायांचा वरचा सरळ भाग त्याच रेघेत असायला हवा आणि खाली पाय पुढे वळायला हवेत. समोरून मार बसला असेल तर ही रेघ वरच्या जोडापाशी मोडते आणि पाय मागे झुकतात. थोडं झुकलं असेल तर डोळा फसतो. म्हणून सुतळी.

इथे आपल्या शाळांच्या रस्त्यांचा एक फायदा आहे. वर्गातल्या दोन-चार मुलींकडे बहुधा एकाच बनावटीची, एकाच मापाची सायकल असते. हाताशी असलेलं हे सगळ्यात चांगलं माप. उदाहरण घेऊ. समजा, कळमनुरी तालुक्यातली नववीतली मुलगी कडेवरून घसरली आणि साईडपट्टीवरच्या दगडाला चाक अडून पडली. हँडल थोडं फिरलं होतं, ते सरळ केलं. मुठी सारख्या उंचीवर आहेत. ओरखडा पायडलवर आहे. वरवर पाहता सगळं ठीक. पण पायडल फिरवताना तिची चप्पल वळणावर मडगार्डला लागते, आधी लागत नव्हती. आता मैत्रिणीची सायकल शेजारी उभी करून, दोन्हींचं हँडल सरळ ठेवून, सुतळीचं एक टोक पुढच्या चाकाच्या नटावर आणि दुसरं पायडलच्या धुऱ्याच्या मध्यावर ताणून धरलं. मैत्रिणीच्या सायकलवर जिथे गाठ मारली तिथपर्यंत हिची सायकल पोचत नाही. साधारण दीड सेंटीमीटर कमी. डाव्या बाजूने आणि उजव्या बाजूने सारखंच कमी. म्हणजे पुढचं चाक मागे आलं आहे. चिमट्याचे दोन्ही पाय सारखे मागे गेले आहेत, किंवा फ्रेमच वाकली आहे. एकाच बाजूने कमी भरलं असतं तर एकच पाय वाकला असता. काही मिलिमीटरचा फरक तर घट्ट आवळलेल्या नटानेही पडतो, त्याला घाबरू नये.

चिमटा की फ्रेम, हे बोटांनी कळतं. पुढच्या उभ्या नळीच्या मागे दोन दांडे जोडलेले असतात, एक वरचा, एक खालचा. चाक मागे ढकललं गेलं की या जोडाच्या लगेच मागे, दोन-तीन बोटांच्या अंतरात, दांड्याची नळी दबते. वरून काही दिसत नाही. दोन्ही दांड्यांच्या खालच्या अंगाने अंगठा हळू सरकवा. नळी एकसारखी गोल लागली तर फ्रेम वाचली असं मानायला जागा आहे. फुगवटा किंवा आडवी सुरकुती लागली, किंवा तिथला रंग आडवा तडकून कपच्या निघाल्या असतील, तर फ्रेम वाकली आहे. रंग पोलादाइतका ताणला जात नाही, म्हणून आत नळी वाकली की रंग आधी फुटतो. नुसता घासलेला रंग आणि हा आडवा तडा यांत फरक आहे.

या मुलीची फ्रेम अंगठ्याला गोल लागली, म्हणजे दोष चिमट्यात. तिने सायकलवर बसून पुढे जाऊ नये. हातात धरून सायकल शाळेपर्यंत न्यावी, सायंकाळी दुकानात. वाकलेला पोलादी चिमटा आणखी काही दिवस चालेलही, पण पुढच्या खड्ड्यात तो त्याच ठिकाणी वाकणार. दुकानदार पाय थोडे वाकलेला चिमटा थंडच ठेवून सरळ करून देतात. एकदा, आणि सुरकुती नसेल तर, ते चालतं. वरची नळी, म्हणजे हँडलचा दांडा जिच्यात जातो ती, वाकली असेल तर मात्र सरळ करणं नको, चिमटा बदला. ती वाकली आहे का, हे पुढचं चाक उचलून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवल्यावर समजतं. एका जागी अडकतं आणि पुढे मोकळं होतं असं वाटलं तर नळी वाकली आहे किंवा छर्ऱ्यांची वाटी दबली आहे. दोन्हीसाठी चिमटा काढून पाहावा लागतो.

चिमटा काढलाच आहे तर एक जुनी तपासणी करून घ्या. रेल्वेच्या कारखान्यांत धुरे आणि चाकं तपासायला तेल आणि खडूची पूड वापरत. रॉकेल किंवा पातळ तेल चिमट्याच्या वरच्या जोडावर लावा, पाच-दहा मिनिटं थांबा, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वरून शाळेचा खडू घासून पांढरा थर द्या. भेग असेल तर तिच्यात शिरलेलं तेल परत बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. रंगाखालची भेग यात सापडत नाही, म्हणून जोडापाशी रंग तडकलेला दिसला तर तो खरवडूनच ही तपासणी करावी.

हे सगळं पोलादाबद्दल आहे. पोलाद तुटण्याआधी वाकतं आणि वाकलेलं दिसतं. अॅल्युमिनियमचं हँडल किंवा चिमटा वाकला तर सरळ करू नये, सरळ करतानाच आत भेग जाऊ शकते. कार्बनच्या भागात तर बाहेर काहीही न दिसता आतले थर सुटलेले असू शकतात. चाक अडून पडल्यानंतर असा भाग जाणकाराने तपासल्याशिवाय वापरू नये.

काहीच सापडलं नाही तरी लगेच बसू नका. ओल्या मातीवरून हँडल सरळ धरून सायकल दहा पावलं ढकला आणि मागे वळून बघा. मागच्या चाकाची रेघ पुढच्याच्या रेघेवर पडली पाहिजे. बोटभर सरकली तर सुतळी पुन्हा काढा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, हँडलखाली ठकठक जाणवली तर छर्ऱ्यांवरचा नट ढिला झाला आहे, तो आवळून घ्या. पहिली शंभर पावलं हळू, दोन्ही हात हँडलवर. आणि सुतळीवरची ती गाठ फेकू नका. आठ दिवसांनी तेच अंतर परत मोजा, कमी भरलं तर चिमटा दबत चालला आहे आणि तो बदलायची वेळ झाली आहे.